सूज एक, रोग दोन

'डोळ्याच्या नसेला सूज आहे' हे वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचले की घरातील माणसांचा धीर सुटतो. नस म्हणजे काय, ती सुजते कशी, दृष्टी राहील की जाईल, असे प्रश्न एकाच वेळी मनात उभे राहतात. त्यातही एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि खरे तर तोच सर्वप्रथम विचारावयास हवा. तो म्हणजे, ही सूज नसेच्या स्वतःच्या आजारामुळे आली आहे की मेंदूभोवतीच्या दाबामुळे? दुर्बिणीतून पाहताना दोन्ही सुजा इतक्या सारख्या दिसू शकतात की केवळ चित्र पाहून अनुभवी डोळाही फसावा. मात्र त्यांचे उपचार एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत, आणि एकीचे औषध दुसरीला दिल्यास जिवावरही बेतू शकते.

जळगावात नेत्रचिकित्सक म्हणून काम करताना आणि दर गुरुवारी एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्यास जाऊन तेथील रुग्ण पाहताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला. परंतु एकाच कुटुंबात, सहा महिन्यांच्या आत, या दोन्ही सुजा मी एकदाच पाहिल्या. त्या कुटुंबाच्या अनुमतीने, नावे व ओळख बाजूला ठेवून, तो प्रसंग येथे मांडतो.

आधी नसेची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डोळ्याच्या मागील पडद्यावर जे चित्र उमटते ते मेंदूपर्यंत नेणारी दृष्टीची नस म्हणजे सुमारे दहा ते बारा लाख सूक्ष्म तंतूंची जुडी होय. हे सर्व तंतू पडद्यावरील ज्या गोल जागी एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात तिला ऑप्टिक डिस्क म्हणतात. सोयीसाठी आपण तिला चकती म्हणू. तिचा व्यास जेमतेम दीड मिलिमीटर असतो. बाहुलीतून प्रकाश टाकून ही चकती प्रत्यक्ष पाहता येते. शस्त्रक्रियेवाचून जिवंत माणसाच्या नसेचे टोक उघड्यावर दिसावे अशी शरीरात ही एकच जागा आहे.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगासमोर ठेवले, आणि अवघ्या नऊ वर्षांत, १८६० साली, बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी मेंदूच्या विकारांत या चकतीला येणाऱ्या सुजेचे वर्णन केले. ही सूज दोन वाटांनी येऊ शकते, हेही त्यांनी तेव्हाच ओळखले होते. एक दाबाने तुंबून येणारी आणि दुसरी दाहाने येणारी. आज पहिलीला पॅपिलेडीमा व दुसरीला ऑप्टिक न्यूरायटिस असे म्हणतात. दीडशेहून अधिक वर्षांनंतर यंत्रे बदलली, परंतु दवाखान्यातील मूळ प्रश्न तोच राहिला आहे.

आता त्या कुटुंबाकडे वळतो. धुळ्यात त्यांची कापडाची पिढीजात पेढी. मार्चच्या अखेरीस त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. चार दिवसांपासून उजव्या डोळ्याने धूसर दिसत होते, आणि डोळा इकडेतिकडे फिरवला की भुवईच्या आत खोलवर दुखत होते. हे त्याच्या लक्षात कसे आले ते त्याने सांगितले ते फार बोलके होते. गिऱ्हाइकापुढे लाल शालू उलगडताना डाव्या डोळ्यावर झुलपे आली, आणि केवळ उजव्या डोळ्याने पाहताच तो लाल रंग विटकरी, धुतल्यासारखा भासला. केस बाजूला सारताच शालू पुन्हा लालभडक! "साहेब, मला वाटलं मालच खराब निघाला," असे तो म्हणाला.

मी त्याचा प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून तपासला. डाव्याने तक्त्यावरील शेवटची ओळ, म्हणजे ६/६, तो सहज वाचत होता. उजव्याने केवळ सर्वांत वरचे मोठे अक्षर दिसत होते, म्हणजे ६/६०. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याची चाचणी डाव्या डोळ्याने पूर्ण जमली, उजव्याने पहिल्या पानाशीच थांबली.

यानंतर मी खोलीतील दिवे मंद करून त्याच्या बाहुल्यांवर विजेरीचा प्रकाश आळीपाळीने टाकला. ही चाचणी अवघ्या अर्ध्या मिनिटाची असून तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. निरोगी माणसाच्या एका डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात, कारण मेंदू दोन्ही बाहुल्यांना एकच आज्ञा देतो. या मुलाच्या डाव्या डोळ्यावर प्रकाश टाकला तेव्हा दोन्ही बाहुल्या आकसल्या. तोच प्रकाश उजव्या डोळ्यावर नेताच त्या आकसण्याऐवजी किंचित विस्फारल्या. याचा अर्थ उजवी नस मेंदूला सांगत होती की उजेड कमी झाला आहे, प्रत्यक्षात उजेड तितकाच होता. रुग्णाच्या बोलण्यावर अवलंबून नसलेला हा पुरावा आहे. म्हणूनच बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी ही चाचणी व्हावी लागते. एकदा थेंब पडले की बाहुली चार-सहा तास स्थिर राहते आणि हा साक्षीदार मुका होतो.

थेंब घातल्यावर पाहिले तर उजव्या डोळ्यातील चकती फुगलेली, कडा पुसट, रंग लालसर. डावी चकती निरोगी. निदान स्पष्ट झाले, ऑप्टिक न्यूरायटिस. येथे हेही सांगावेसे वाटते की अशा आजारात सुमारे तिघांपैकी दोघांची चकती प्रारंभी अगदी सामान्य दिसते, कारण दाह चकतीच्या मागे, नसेच्या खोल भागात असतो. तेव्हा चकतीला सूज नाही म्हणून नसेचा आजार नाही, असे म्हणता येत नाही. बाहुली आणि रंग हेच तेथे खरे बोलतात.

हा दाह बहुधा शरीराच्या स्वतःच्या संरक्षक शक्तीकडून होतो. विजेच्या तारेला जसे वेष्टण असते तसे नसेच्या तंतूंना मायलिन नावाचे आवरण असते. ते झडले की संदेश मंदावतो, अडतो. म्हणून या आजारात दृष्टी लवकर आणि ठळकपणे जाते, लाल रंग आधी फिका पडतो, आणि बहुधा एकच डोळा बाधित होतो. तारेची बाकीची रचना शाबूत असल्यास, वेष्टण अंशतः भरून आल्यावर दृष्टीही बहुतांशी परत येते.

मुलाचा मेंदूचा व डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय केला. उजव्या नसेच्या छोट्या भागात दाह दिसला, मेंदूत डाग नव्हते. मेंदूतील डाग पाहावे लागतात, कारण ते असल्यास पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस हा दीर्घकाळचा आजार होण्याचा संभव बराच वाढतो. रक्तातील दोन विशिष्ट प्रतिपिंडांचीही तपासणी केली. त्यांपैकी अ‍ॅक्वापोरिन-४ नावाचे प्रतिपिंड आढळल्यास आजार अधिक उग्र ठरतो, त्यात विलंब महाग पडतो आणि औषधे पुढेही चालू ठेवावी लागतात. त्या दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या. साखर व छातीचा क्ष-किरण पाहून, क्षयाची शंका नाही याची खात्री करून, त्याला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम असे तीन दिवस सलाइनमधून दिले, व नंतर थोडे दिवस गोळ्या.

येथे गोळ्यांविषयी एक वाक्य अवश्य लिहितो. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की शिरेवाटे दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते, तथापि सहा महिन्यांनंतरची दृष्टी औषध न घेणाऱ्यांच्या जवळपास इतकीच असते. आणि सलाइन टाळून नेहमीच्या मात्रेत केवळ गोळ्या घेतल्या तर आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढते. म्हणून 'इस्पितळात कशाला, गोळीच द्या ना' ही सोय येथे लाभत नाही.

दीड महिन्यात त्याची दृष्टी ६/६ झाली. लाल रंग किंचित फिका राहिला तो राहिलाच. मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, स्कूटरवरून बाजारात जाऊन आल्यावर त्याच डोळ्यापुढे पुन्हा धुके आले आणि घरी हलकल्लोळ उडाला. गार खोलीत अर्धा तास बसताच ते धुके विरले. वेष्टण विरळ झालेल्या तंतूतून संदेश उष्णतेने आणखी मंदावतो. उथॉफ या जर्मन वैद्याने १८९० मध्ये हे लक्षण नोंदविले, त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. हा आजाराचा नवा झटका नव्हे. आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात ही गोष्ट अशा प्रत्येक रुग्णाला आधीच सांगून ठेवावी लागते.

या मुलाची चुलत बहीण जळगावात दिलेली. वय एकोणतीस, सासरी धान्याचा व्यापार, पदरी पाच वर्षांची मुलगी. भाद्रपदात पर्युषण संपून काही दिवस झाले असता तिचे वडील व सासूबाई तिला घेऊन माझ्याकडे आले. वडिलांच्या हातात दोन कागद होते. एक, त्या दिवशी दुसरीकडे झालेल्या तपासणीची चिठ्ठी, जिच्यावर 'दोन्ही नसांना सूज' एवढेच लिहिलेले, आणि दुसरा, पुतण्याचा धुळ्यातील उपचारांचा कागद.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "हाच आजार आमच्या मुलाला झाला होता. तुम्हीच बरा केला. तीन इंजेक्शनांचं नाव यात लिहिलेलं आहे. तेच हिला आज सुरू करा, म्हणजे वेळ जायला नको."

त्यांच्या म्हणण्यात तर्क होता, आणि घाईमागे लेकीची माया होती. मी त्यांना बसवले व म्हटले, "काकाजी, आधी हिला काय होते ते हिच्याच तोंडून ऐकू."

तिने जे सांगितले ते भावाच्या हकिकतीहून सर्वस्वी निराळे होते. मुख्य तक्रार डोळ्यांची नव्हतीच, ती डोकेदुखीची होती. अठाईच्या चौथ्या दिवशी डोके दुखू लागले. उपासामुळे असेल म्हणून तिने सोसले. पारणे झाले तरी ते थांबले नाही. पहाटे, आडवे असताना अधिक दुखे, एकदोनदा सकाळी उलटीही झाली. खाली वाकून वस्तू उचलली किंवा सामायिकातून उठली की दोन्ही डोळ्यांपुढे काही क्षण अंधार येई आणि लगेच पूर्ववत दिसे. दोन दिवसांपासून रस्त्यावरील दूरची वाहने शेजारी शेजारी दोन दिसू लागली होती. परंतु वाचता येत होते, शिवणही करता येत होते.

तिच्या डोळ्यांची तपासणी मी त्याच क्रमाने केली. दोन्ही डोळ्यांनी ६/६. रंगांची सारी पाने अचूक. विजेरीच्या प्रकाशाला दोन्ही बाहुल्यांचा सारखाच प्रतिसाद. डोळा फिरवताना वेदना नाही, मात्र उजवा डोळा उजव्या बाजूस पूर्ण जात नव्हता, थोडा अलीकडेच थांबत होता. डोळा बाहेर वळविणारी सहावी नस मेंदूतून लांबचा प्रवास करून येते, आणि कवटीतील दाब वाढला की ती ताणली जाऊन दुबळी होते. दोन प्रतिमा दिसण्याचे कारण तेच. मग मी तिचा रक्तदाब मोजला, कारण अतिशय वाढलेला रक्तदाबही दोन्ही चकत्या सुजवतो आणि त्याचा उलगडा खोलीतल्या खोलीत होतो. तो १२४/८० होता.

थेंब घालून पाहिले. दोन्ही चकत्या उंच फुगलेल्या, कडा हरवलेल्या, त्यांवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजेत जागोजागी बुडालेल्या, भोवती ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव. तिच्या एका चकतीचे आणि भावाच्या चकतीचे छायाचित्र शेजारी ठेवले असते तर कोणते कोणाचे हे सांगणे सोपे गेले नसते. दृष्टीच्या परिघाच्या आलेखात मात्र फरक उमटला. प्रत्येक माणसाच्या दृष्टीत चकतीच्या जागेमुळे एक अंध ठिपका असतो, तो तिच्या दोन्ही डोळ्यांत मोठा झाला होता, बाकी मध्यभाग स्वच्छ होता. भावाच्या आलेखात मध्यभागच काळा पडलेला होता.

दृष्टीत हा भेद का पडतो? दृष्टीची नस मेंदूप्रमाणेच आवरणांत गुंडाळलेली असते, आणि त्या आवरणांतून मेंदूभोवतीचे पाणी थेट डोळ्याच्या मागील भिंतीपर्यंत पोहोचते. कवटीतील दाब वाढला की हे पाणी नसेला सर्व बाजूंनी आवळते. तंतूंच्या आतून सतत एक पोषक प्रवाह वाहत असतो, तो चकतीपाशी अडतो व साचतो. नाक्यावर वाहने अडावीत आणि अलीकडे रांग वाढत जावी तसे हे आहे. मूळचे पंजाबचे असलेले नेत्रवैद्य सोहनसिंग हयरेह यांनी १९६० च्या दशकात माकडांवरील प्रयोगांत दाखवून दिले की नसेभोवतीचे हे आवरण उघडून दाब मोकळा केला की चकतीची सूज ओसरते. सुजेचा उगम नसेच्या आवरणातील दाबात आहे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

अशा सुजेत तंतू तुंबलेले असतात, परंतु त्यांचे वेष्टण शाबूत असते. म्हणून संदेश जात राहतो आणि दृष्टी आठवडेच्या आठवडे उत्तम राहते. हीच या आजाराची दगलबाजी आहे. तक्त्यावर ६/६ वाचणारा रुग्ण 'नजर चांगली आहे' असे ऐकून घरी जातो. दाब तसाच राहिला तर तंतू कडेकडेने मरत जातात, दृष्टीचा परीघ आकसत येतो, आणि मध्यभागाला धक्का बसतो तेव्हा बरेचसे गमावलेले असते. ते परत येत नाही. मेलेले तंतू सुजतही नाहीत, त्यामुळे अखेरीस चकती फिकी व सपाट होते आणि सूज ओसरल्याचा खोटा दिलासा मिळतो.

मी वडिलांना जवळ बोलावले. लाल झाकणाची एक बाटली मुलीसमोर धरली व एकेक डोळा झाकावयास सांगितला. दोन्हींनी लाल रंग सारखाच गडद दिसत होता. "काकाजी, धुळ्यात तुमच्या पुतण्याला असे दिसत नव्हते," मी म्हटले. "त्याची नसच आजारी होती. हिची नस आजारी नाही, ती दाबली गेली आहे. दाब कुठून आला ते शोधले नाही आणि ते इंजेक्शन दिले, तर चार दिवस डोके हलके वाटेल, सूजही थोडी उतरेल, आणि आत जे चालले आहे ते चालूच राहील."

ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी पुतण्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "आता कुठे जायचं ते सांगा."

कवटीतील दाब वाढण्याची कारणे अनेक आहेत. मेंदूतील गाठ, मेंदूज्वर, क्षयामुळे येणारी सूज, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी, आणि विशेषतः वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांत, कोणतेही कारण न सापडता वाढणारा दाब. हिचे वजन बेताचे होते. म्हणून मी विचारले, "गेल्या महिन्यात कोणती गोळी घेतली होती का? कोणतीही?"

ती सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाईंनीच उत्तर दिले, "अठाईत अडचण येऊ नये म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती तिने. सगळ्याच घेतात, डॉक्टरसाहेब." दिवसाला तीन याप्रमाणे, चिठ्ठीशिवाय, तेरा दिवस.

सगळ्या घेतात हे खरे आहे, आणि बहुतेकींना काही होत नाही हेही खरे. परंतु पाळी लांबविणाऱ्या नोरएथिस्टेरॉन या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या संप्रेरकात रूपांतरित होतो, आणि तो रक्त गोठण्याकडे कल वाढवतो. काही वेळा पाळी लांबविण्यासाठी थेट गर्भनिरोधक गोळ्याच घेतल्या जातात, त्यांत तर इस्ट्रोजेन असतेच. त्यातच पाणी कमी पडून रक्त दाट झाले की मेंदूच्या शिरेत गुठळी होण्यास दोन कारणे एकत्र मिळतात. हिने तिविहार उपवास केले होते, म्हणजे उकळलेले पाणी घेण्यास मोकळीक होती, परंतु मळमळीमुळे दिवसाकाठी दोन-तीन पेलेच पोटात गेले होते.

त्याच सायंकाळी एमआरआय झाला. त्याच्या सोबत शिरांचे वेगळे चित्रण, ज्याला व्हेनोग्राफी म्हणतात, तेही मी चिठ्ठीवर मुद्दाम लिहून दिले होते. साध्या एमआरआयमध्ये शिरेतील गुठळी नजरेतून सुटू शकते. अहवाल आला. डोक्याच्या मध्यरेषेवरील मोठ्या शिरेत आणि उजव्या आडव्या शिरेत गुठळी. मेंदूतील रक्ताला परतीची वाट अरुंद झाली, त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचरा मंदावला, दाब वाढला, आणि तो दाब डोळ्याच्या चकतीवर येऊन दिसू लागला. अशा गुठळीत स्टेरॉइडचा लाभ दिसून आलेला नाही, उलट अपाय होऊ शकतो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दाब मोजण्याची तपासणी पुष्कळदा लागते, पडून मोजलेला दाब प्रौढांत २५० मिलिमीटर पाण्याच्या वर असेल तर तो वाढलेला समजतात. परंतु ती नेहमी मेंदूचे चित्रण पाहिल्यावरच करावयाची असते, कारण आत मोठी गाठ असल्यास पाणी काढणे धोक्याचे ठरते.

तिला मेंदुविकार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दाखल केले. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, नंतर काही महिने त्याच कामाच्या गोळ्या, आणि दाब उतरविण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड. माझे काम दर आठवड्याला तिच्या दृष्टीचा परीघ मोजण्याचे होते, कारण अशा रुग्णाचे बरेवाईट तक्त्यावर नव्हे तर परिघाच्या आलेखावर कळते. तिसऱ्या आठवड्यात दुहेरी दिसणे थांबले. चकत्या सपाट होण्यास तीन महिने लागले. अंध ठिपका जवळजवळ पूर्वीइतका झाला, परीघ शाबूत राहिला. यापुढे इस्ट्रोजेन असलेली किंवा पाळी लांबविणारी कोणतीही गोळी तिने घ्यावयाची नाही, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास आधी तज्ज्ञांना कळवावयाचे, हे तिच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे.

तप करू नये असे सुचविण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. सांगणे एवढेच की औषध दुकानातून ती गोळी मागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नातलगांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांचे बाळंतपण नुकतेच झाले आहे, ज्यांना डोळ्यांपुढे चमचमाट होऊन अर्धशिशी उठते, त्यांनी ती घेऊ नये. आणि तपात अथवा पारण्यानंतर रोज वाढत जाणारी डोकेदुखी पित्ताच्या किंवा अशक्तपणाच्या खात्यावर सरसकट मांडू नये.

सर्वच प्रसंग या दोघांइतके स्वच्छ नसतात. लहान मुलांत न्यूरायटिस पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना एकदम होतो. दाब वाढल्यावर चकती सुजण्यास एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक लागतात, म्हणून पहिल्या दिवशी चकती निर्दोष दिसली तरी डोकेदुखी कायम असल्यास पुन्हा पाहावे लागते. काहींच्या चकत्या जन्मतःच उंचवट्याच्या असतात किंवा त्यांत चुनखडीसारखे कण दडलेले असतात, आणि निरोगी माणूस उगाच धास्तावतो. तेथे डोळ्याची सोनोग्राफी ते कण दाखवून संशय फेडते.

म्हणून कोणाच्या चिठ्ठीवर 'नसेला सूज' असे शब्द आले तर घरच्यांनी तीन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. दृष्टी आधी गेली की डोकेदुखी आधी आली. एकेक डोळा झाकून एखादी लाल वस्तू पाहिली असता दोन्हींत रंग सारखा दिसतो की नाही. आणि गेल्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, मग ती पाळीची असो, मुरमांसाठीची असो, की कोणी सुचविलेली शक्तीची. या तीन उत्तरांवरून पुढील वाट पुष्कळ अंशी ठरते, आणि ती देण्यास ना यंत्र लागते, ना खर्च.